दुपारी म्हणजे नक्की कधी

"तुमचा माणूस आला न्हाई अजून."

हे वाक्य मी गेली अकरा वर्षं ऐकते आहे. कोल्हापुरात, राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यापासून जरा आत, एका जिन्याखाली आमचं सर्व्हिस सेंटर आहे. वॉशिंग मशीन, फ्रिज, एसी. चार टेक्निशियन, हाताखाली दोन पोरं, मालक आणि फोनवर मी. कागदावर माझं पद को-ऑर्डिनेटर आहे. गिऱ्हाइकांच्या लेखी मी 'ती फोनवरची बाई'. टेक्निशियनला तर कुणी टेक्निशियन म्हणतच नाही. मिस्त्री म्हणतात, मेकॅनिक म्हणतात, नाहीतर नुसतं 'तुमचा माणूस'. त्यातल्या 'तुमचा'वर असा काही जोर असतो की तो माणूस मी पदराखाली लपवून ठेवलाय असं वाटावं.

लोकांना वाटतं माझं काम माणूस पाठवायचं. ते तर आहेच. पण दिवसातले निम्मे फोन माणूस ठरल्या वेळी येणार नाही हे सांगायचे असतात. नोकरीला लागले तेव्हा हे फोन मी शेवटपर्यंत टाळायची. वाटायचं, पोचेल तो कसाबसा, कशाला उगीच आधी सांगून शिव्या खायच्या. आणि सांगायची वेळ आलीच तर एक मेसेज ठोकायचा: काही अपरिहार्य कारणास्तव आपली भेट पुढे ढकलण्यात आली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आमचा प्रतिनिधी लवकरच संपर्क साधेल. हा मेसेज मला तयार मिळाला होता. त्यात दिलगिरी आहे, प्रतिनिधी आहे, कारणसुद्धा आहे म्हणायला. फक्त वेळ नाही.

त्या मेसेजचं पाणी मला गंगावेशीतल्या एका आजींनी दाखवलं.

मशीनची तक्रार त्यांच्या मुलानं पुण्यातून नोंदवली होती. त्यामुळे नंबर मुलाचा, पत्ता आजींचा. वेळ दिली होती सकाळी दहा ते बारा. अकरा वाजता माझ्या लक्षात आलं की आमचा माणूस उचगावात अडकलाय, तो काही चारच्या आत गंगावेशीत पोचत नाही. मी मेसेज टाकला. तो गेला पुण्याला. मुलगा होता मीटिंगमध्ये. आणि तीन वाजता आजींचा फोन आला, आवाज चढलेला नाही, नुसता दमलेला. "बाई, सकाळधरनं आंघूळ केली न्हाई मी. न्हाणीत गेलो आन् बेल वाजली तर कोण उघडणार?"

संध्याकाळी टेक्निशियनबरोबर मीही गेले. माझं घर त्याच वाटेवर, शिवाय मनाला लागलं होतं. न्हाणीघरातल्या बादल्या, पाट, घंगाळ सगळं बाहेर बोळात मांडलेलं. मशीनखाली वर्तमानपत्रं पसरलेली. दारापाशी एक खुर्ची, तिच्यावर उशी, म्हणजे त्या तिथंच बसून होत्या. टीव्ही बंद, कारण आवाजात बेल ऐकू येत नाही. ओट्यावर चहाचा एक कप बशीवर पालथा घालून ठेवलेला, मिस्त्रीसाठी. मशीनमध्ये दोन दिवसांचे भिजलेले कपडे होतेच, त्यांना आता वास यायला लागला होता.

तोवर वाट बघणं म्हणजे नुसतं बसून राहणं असं मला वाटायचं. दोन तासांचा स्लॉट दिला की घरातलं माणूस त्या दोन तासांत आंघोळ करत नाही, दळण आणायला जात नाही, शेजारणीकडे डोकावत नाही, दुपारची डुलकी घेत नाही. आपण त्याच्या घराला बाहेरून कडी लावलेली असते. माणूस येणार नाही हे कळल्यावरसुद्धा मी फोन केला नाही, तर ती कडी विनाकारण लागलेली राहते.

त्या दिवसापासून माझ्या रजिस्टरला एक जादा रकाना आहे: 'घरी कोण'. तक्रार कुणीही नोंदवू दे, पुण्याचा मुलगा, दुबईची सून, ऑफिसातला नवरा. दार उघडायला जो माणूस घरी थांबणार त्याचा नंबर मी घेते आणि वेळ बदलली की आधी त्याला फोन करते. मेसेज नंतर, दोघांनाही. आजचीच वेळ बदलायची असेल तर नुसत्या मेसेजवर मी कधीच विसंबत नाही. मेसेज पोचला म्हणजे वाचला असं नाही, आणि दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणजे घरातल्या माणसाला कळलं असंही नाही.

आता वेळेबद्दल. आपली भाषा घड्याळाच्या बाबतीत फार सैल आहे, आणि या धंद्यात तेच नडतं. 'दुपारी येतील' म्हटलं तर एखाद्याची दुपार बाराला सुरू होते, एखाद्याची जेवण करून भांडी घासल्यावर, म्हणजे अडीचला. 'संध्याकाळी' म्हणजे पोरं शाळेतून आल्यावर की दिवेलागणीला? 'परवा' तर पुढचाही असतो आणि मागचाही. "परवा येतो म्हणाला होता की तुमचा माणूस" या वाक्यात तो यायचा आहे की येऊन जायला हवा होता, हे मला दोनदा विचारावं लागतं. 'चार ते सहा' असं मी एका गृहस्थांना घाईत सांगितलं आणि त्यांनी तारीख धरली. चार तारखेपासून सहा तारखेपर्यंत ते बिचारे निवांत होते. मी मात्र त्याच संध्याकाळी माणूस पाठवून 'घर बंद' असा शेरा मारून मोकळी झाले. म्हणून आता वार, तारीख, सकाळ की दुपार आणि दोन आकडे, एवढं सगळं एका दमात बोलते. ऐकायला रेल्वे स्टेशनवरच्या बाईसारखं वाटतं, वाटू दे.

कोल्हापूरची म्हणून एक वेगळीच गंमत आहे. आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी सांगतो' म्हणतात. मी "फोन करतो मी परत" म्हटलं की पुण्याचा मुलगा क्षणभर थांबतो, फोनवर मध्येच कुणी पुरुष आला का म्हणून. ट्रेनिंगला आलेल्या साहेबांनी ते सुधारायला सांगितलं होतं. साहेबांसमोर मी 'करते' म्हणायची. साहेब गेले, 'करतो' परत आलं. इथं लिहिताना तेवढी सुधारते.

पण स्लॉटमध्ये शब्दांपेक्षा मोठा घोटाळा आकड्यांचा आहे. 'साडेतीन ते साडेपाच' असं सांगितलं की लोक साडेतीन ऐकतात. पुढचं 'ते साडेपाच' नुसतं हवेत राहतं. पावणेचारला फोन येतो, "साडेतीन सांगितलं होतं ना?" आणि ते खोटं बोलत नसतात, कुणालाही पहिला आकडाच चिकटतो. म्हणून मी आता शेवट आधी सांगते. "साडेपाचच्या आत पोचतील. साडेतीनच्या आधी येणार नाहीत, तोवर तुम्ही खुशाल बाहेर जाऊन या." या दुसऱ्या वाक्यावर माणसाचा आवाज सैल होतो. तेवढा वेळ त्याच्या हातात परत आलेला असतो. शिवाय हेही सांगावं लागतं की साडेपाच ही पोचायची वेळ आहे, काम संपायची नाही. नाहीतर सहाला घरी पाहुणे यायचे म्हणून साडेपाचचा हिशेब धरलेली वहिनी पाच-वीसला आलेल्या माणसावर भडकते, आणि तिच्या जागी ती बरोबरच असते.

हे आकडे काढायचे कसे, ते एका गुरुवारच्या गोष्टीतून सांगते. तो दिवस रजिस्टरात अजून आहे.

आमच्या थोरल्या टेक्निशियनला त्या दिवशी पाच कॉल होते. कॉल म्हणजे आमच्या भाषेत फोन नाही, तक्रार. पहिला कसबा बावडा, मग नागाळा पार्क, ताराबाई पार्क, दुपारी दोन ते चार शिवाजी पेठ आणि शेवटचा पाच ते सात फुलेवाडी. गावाच्या उत्तरेकडून निघून शहरातून पश्चिमेला बाहेर पडायचं, मागं फिरावं लागत नाही. एका कॉलला पाऊण तास धरतो आम्ही, मध्ये दहा-वीस मिनिटं गाडीवर. कागदावर सगळं छान बसतं, कारण कागदाला भूक लागत नाही. मालकांनी पहिल्यांदा वेळापत्रक केलं तेव्हा त्यात जेवणाचा अर्धा तासच नव्हता. मग रोज दुपारचे स्लॉट अर्ध्या तासानं हुकायचे आणि टेक्निशियन आळशी ठरायचा.

तर बावड्याला समोरून दार असलेलं मशीन होतं. पाणी आत तुंबलेलं, दार लॉक, आत कपडे. पावणेअकराला त्याचा फोन आला. "ताई, पिन अडकलीया पंपात. फिल्टरमधनं पाणी काढतोय, दारबी उघडंना." असं मशीन रिकामं करणं म्हणजे काय, हे बघितल्याशिवाय कळत नाही. खाली कोपऱ्यात फिल्टरचं छोटं झाकण असतं, जमिनीपासून चार बोटं वर. तिथं बादली मावत नाही. ताटात पाणी घ्यायचं, झाकण लावायचं, ताट न्हाणीत ओतायचं, परत उघडायचं. मी लगेच ओळखलं की हे पाऊण तासाचं काम राहिलं नाही. अकराला नागाळा पार्क आणि ताराबाई पार्क दोघांना फोन केले. नागाळा पार्कचे साहेब चिडले, ताराबाई पार्कच्या वहिनींना काही फरक पडला नाही. ते दोन फोन सोपे होते, उशीर डोळ्यांसमोर दिसत होता.

अवघड होता तो शिवाजी पेठेचा. बारा वाजून दहा मिनिटांनी मी बावड्याला परत फोन लावला. "किती वेळ अजून?" "अर्धा तास ताई." हा अर्धा तास मी अकरा वर्षं ओळखून आहे. टेक्निशियनला वेळ विचारली की तो आपल्याला बरं वाटेल तो आकडा सांगतो. त्यात लबाडी नसते, तोही त्यावर विश्वास ठेवून असतो. म्हणून त्याला वेळ विचारायचीच नाही, काम कुठवर आलंय ते विचारायचं. "पंप बसला का?" "न्हाई, जुना काढलाय." म्हणजे नवा बसवायला वीस मिनिटं, पाणी भरून, सोडून, एकदा फिरवून बघायला आणखी वीस, बिल करून, गिऱ्हाइकाकडून काम झाल्याचा कोड घेऊन पिशवी भरायला दहा. एक वाजला. तिथनं नागाळा पार्क सव्वाला, दोनपर्यंत काम. ताराबाई पार्क शेजारीच, तीनला पाच कमी. जेवण, तीन पंचवीस. शिवाजी पेठेपर्यंत वीस मिनिटं. पावणेचार.

आता गंमत बघा. पावणेचार म्हणजे दोन ते चारच्या आतच. मी काही न बोलता गप्प बसले असते तर कागदोपत्री वेळ पाळलेली दिसली असती. पूर्वी मी अशीच गप्प बसायची. पण या पावणेचारपर्यंत यायला वाटेत दोन घरं, एक जेवण आणि तीन वेळा गाडीवर बसणं आहे. त्यातलं एकही दहा-पंधरा मिनिटांनी लांबलं की चार वाजता मला शिवाजी पेठेत फोन करावा लागणार, आणि तेव्हा तिथल्या माणसाचे दोन तास जाऊन चुकलेले असणार. सकाळच्या पहिल्या घरी जायला आमचा माणूस फार तर दहा मिनिटं इकडंतिकडं होतो. चौथ्या घराला आधीच्या तिन्ही घरांचं सगळं साचून येतं. म्हणून पहिल्या कॉलला मी अर्ध्या तासाचा स्लॉट देऊ शकते आणि चौथ्याला दोन तासांच्या खाली येऊ शकत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "दोन तास म्हंजे लै झालं, नीट एक टाइम सांगा." मोह होतो. पण 'पावणेचार' असा एक आकडा सांगणं म्हणजे त्यांना खूश करून एका तासानं त्यांच्याच शिव्या खाणं.

माझा आता एक ठोकताळा आहे. अंदाजे वेळ स्लॉटच्या शेवटच्या अर्ध्या तासात गेली की स्लॉट हुकला असं धरायचं आणि फोन करायचा. खात्री होईपर्यंत थांबायचं नाही. खात्री होते तेव्हा उशीर झालेला असतो.

फोन करण्याआधी दोन गोष्टी हातात पाहिजेत. एक, आजचीच नवी वेळ. दुसरी, आजची नको असेल तर उद्याची. उद्याचा पहिला स्लॉट, साडेनऊ ते दहा, मी रोज दुपारी चारपर्यंत कुणालाच देत नाही. तो आज सरकवलेल्या माणसासाठी राखीव असतो. मालकांना सुरुवातीला ते पटत नव्हतं, सकाळचा स्लॉट म्हणजे सोनं. पण एकदा सरकवलेलं गिऱ्हाईक पुन्हा तिसऱ्या-चौथ्या नंबरला टाकलं तर ते पुन्हा हुकायची शक्यता तेवढीच राहते, आणि दुसऱ्यांदा सरकवायचा फोन मला करता येत नाही. खरंच येत नाही, तोंडच उघडत नाही. पहिल्या घराआधी दुसरं घर नसतं, तिथं उशीर साचायला जागा नाही. फक्त सुटा भाग गोडाऊनमध्ये आहे ना, हे आधी बघून घ्यायचं. भाग बाहेरगावाहून यायचा असेल तर तो हातात पडेपर्यंत मी कुणालाही तास सांगत नाही. भाग ट्रान्सपोर्टमध्ये आहे याचा अर्थ तो कुठंही असू शकतो.

शिवाजी पेठेतही आजीच होत्या. मी नाव सांगितलं आणि पहिल्याच वाक्यात मुद्द्यावर आले.

"आजी, दोन ते चारमध्ये आमचा माणूस तुमच्याकडं पोचत नाही."

पूर्वी मी 'नमस्कार, आपण कसे आहात, आपल्याला कळवण्यात येतं की' अशी लांबून यायची. वाईट बातमी सांगणाऱ्यानं आढेवेढे घेतले की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मशीन जळालं की काय असंच त्याला वाटतं. कारण एका वाक्यात दिलं, बावड्याचं काम मोठं निघालं. पंप, पिन, ताटातलं पाणी काही सांगितलं नाही. कारण जितकं लांबवावं तितकी ती सबब वाटते. मग दोन वेळा सांगितल्या. "आज साडेपाचच्या आत येतील, साडेतीनच्या आधी नाहीत. नाहीतर उद्या शुक्रवारी सकाळी दहाच्या आत, साडेनऊच्या आधी नाहीत. कुठलं सोयीचं तुम्हाला?"

पलीकडं जरा शांतता. मग, "मला पाचला भजनाला जायचं हाय. पेटी माझ्याकडं असती."

"मग आजचं नको. पाच-दहाला आले तर तुमचं भजन बुडेल."

"चारला न्हाई का येत तो?"

इथं 'बघतो, प्रयत्न करतो, सांगतो त्यांना' असं म्हणायचा मोह फार असतो. समोरचं माणूस खुशीत फोन ठेवतं. पण 'प्रयत्न करतो' हे ऐकणाऱ्याच्या कानात 'चारला येतो' असंच उतरतं, आणि मी काही दिलं नसताना ते वचन होऊन बसतं. मी म्हणाले, "चारला येतीलही आजी, पण मी शब्द देऊ शकत नाही. उद्या सकाळचा देते. उद्या तुमचं घर पहिलं."

"उद्या धाच्या आत. मग साडेनवाला तयार ऱ्हातो."

"राहा. आणि निघताना ते तुम्हाला फोन करतील. फोन आल्यावर बादल्या हलवा, आधी नको."

"तुला काय ठावं बादल्यांचं?" आजी हसल्या. मी सांगितलं नाही.

मग लेखी मेसेज. आजींच्या नंबरवर आणि त्यांच्या मुलाच्याही. अगदी असाच लिहिते:

"आज गुरुवार दुपारी 2 ते 4 ची भेट रद्द. नवी वेळ: उद्या शुक्रवार, सकाळी 9:30 ते 10 मध्ये टेक्निशियन घरी पोचतील. काम साधारण पाऊण तास. निघताना फोन करतील. ही वेळ जमत नसेल तर आज संध्याकाळी 6 पर्यंत याच नंबरवर कळवा."

जुनी वेळ रद्द झाली हे लिहावंच लागतं, नाहीतर घरात कुणीतरी आधीचा मेसेज वाचून दोनला दार उघडून बसतं. 'सहापर्यंत कळवा' हेही मुद्दाम असतं. सहानंतर मी दुसऱ्या दिवशीची यादी टेक्निशियनच्या हातात देते, मग त्यात हात घालता येत नाही. माफी या मेसेजमध्ये नाही. ती मी फोनवर मागितलेली असते, एकदाच. कागदावरची दिलगिरी वाचून कुणाचा राग गेलेला मी बघितला नाही.

हे सगळं जमतं ते घड्याळावर चालणाऱ्या उशिरात. पावसाळ्यात दोन-चार दिवस असे येतात की घड्याळच चालत नाही. जुलैत पंचगंगा वाढायला लागली की अख्खं कोल्हापूर एकमेकांना एकच प्रश्न विचारतं, "किती फूट?" राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर तर जास्तच. नदीपलीकडं आंबेवाडी, चिखलीकडचा कॉल असेल तर अशा दिवशी मी कुठला स्लॉट देणार? रस्ता कधी बंद होईल आणि कधी उघडेल हे नदी ठरवते. पहिल्या वर्षी मी 'पाणी उतरल्यावर येऊ' एवढंच सांगायची. वाक्य खरं आहे, पण ऐकणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

आता अशा वेळी मी भेटीची वेळ देतच नाही. पुढच्या फोनची देते. "उद्या सकाळी दहा वाजता पातळी बघून मी तुम्हाला फोन करते. माणूस येणार असो वा नसो, फोन येणार." हे मात्र पाळायलाच लागतं, काही नवं सांगण्यासारखं नसलं तरी. चिखलीच्या एका दादांना मी एकदा लागोपाठ चार दिवस दहाच्या ठोक्याला फोन केला. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "ताई, फ्रिजचं ऱ्हाऊ दे. आम्ही जनावरं घेऊन पाव्हण्यांकडं आलोय. पण फोन करत जावा, फूट तरी कळत्यात."

तर तो गुरुवार. आजी उद्यावर गेल्या, त्यामुळे आमचा माणूस साडेतीनलाच मोकळा झाला. फुलेवाडीच्या गिऱ्हाइकाला मी फोन केला, लवकर पाठवू का? ते म्हणाले, "न्हाई हो, आम्ही घरात पाचला येतोय." लवकर पोचणं ही चांगली गोष्ट असते असा आमच्या मालकांचा समज आहे. पण ठरल्या वेळेआधी बंद दारासमोर उभा राहिलेला टेक्निशियन 'घर बंद' असा शेरा टाकतो, आणि न केलेल्या चुकीचा डाग गिऱ्हाइकाच्या नावावर बसतो. म्हणून त्याला सांगून ठेवलं, पाचच्या आत बेल वाजवायची नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी मी फोन लावला.

"कुठं आहेस?"

"निघालोय ताई, पोचतोयच."

मागून पोरांचा कालवा, कुणीतरी ओरडून दोन प्लेट मागत होतं.

"कुठल्या चौकात?"

तो गप्प. मग हळूच, "रंकाळ्यावर हाय. भेळ घेतलीया."

"खा. साडेपाचला तिथनं निघ. त्यांना मी सहाच्या आत सांगितलंय."